भाजलेली कोंबडी न कापण्याचे शास्त्र: नवशिक्यांसाठी

आधी पात्रता तपासा. चुलीवर मटणाचा रस्सा असेल तर हे मार्गदर्शन तुमच्या उपयोगाचं नाही. सातारा-सांगलीकडे खाटीक मटणाचे तुकडे आधीच करून देतो. ते हळद-मीठ, आलं-लसूण लावून शिजतात आणि मांसातून सुटलेला रस अळणी पाण्यात उतरतो. त्यातलं वाटीभर पोरांना मिळतं, बाकीचं तांबड्या रश्श्यात जातं. रस सुटला तरी राहतो पातेल्यातच. त्यामुळे शिजलेलं मटण कापण्याआधी थांबावं, असं कुठल्या आजीने सांगून ठेवलेलं नाही.

पंचाईत होते ती थंडीत, कराड-पलूसच्या पट्ट्यात कुणाच्या तरी मळ्यात अख्खी कोंबडी निखाऱ्यावर लागते तेव्हा. इथे पातेलं नाही, म्हणून रसाला थांबायला जागाही नाही.

साहित्य: सव्वा किलोची अख्खी कोंबडी, खोलगट ताट, त्यावर बसेल अशी जाळी, भडंगाची मोठी पिशवी आणि एक दाजी. दाजी आणावे लागत नाहीत, वासावर येतात.

कृती पहिली. कोंबडी झाली का, हे रसाच्या रंगावरून ठरवू नका. सांगलीची हळद चोळलेली असेल तर रस कच्चा असतानाही पिवळाच दिसणार. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसा. ७४ अंश सेल्सियस दिसलं की उतरवा.

कृती दुसरी. सुरी दाजींच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. कोंबडी जाळीवर, जाळी ताटावर. आता पंधरा मिनिटं काहीही करायचं नाही. नवशिक्यांना नेमकं हेच जमत नाही.

या वेळात दाजी म्हणतील, "आरं काप की आता! पूजा मांडलीयस का तिची?" त्यांच्यापुढे भडंग सरकवा आणि कारण समजावून सांगा. मांसात पाऊणएक भाग पाणीच असतं. भाजताना त्यातली प्रथिनं आवळतात, साठ अंशांच्या पुढे तंतूंभोवतीचे पडदेही आकसतात आणि पाणी पिळून निघतं. गरमागरम असताना सुरी लावली की तंतू तुटतात, आणि ते पातळ पाणी भळाभळा ताटात येतं. थोडं निवू दिलं की दाब ओसरतो. रसात विरघळलेली प्रथिनं आणि जिलेटिन यांमुळे रस जरा दाटतो, पायाचं सूप निवल्यावर थिजायला लागतं तसा. दाट रस तुकड्यातून सावकाश झिरपतो.

इथे दाजी एक सिद्धांत मांडतील: आचेने रस घाबरून मधोमध पळतो, नंतर परत बाहेर येतो. मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. कडक आचेने बाहेरचा थर 'सील' होऊन रस आत कोंडतो, हेही तितकंच खोटं. तो थर चवीसाठी लागतो, झाकणासाठी नाही. खमंग कातडीवर कान ठेवा, चुरचुर ऐकू येईल. तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो.

आणखी एक गोष्ट घडत असते. बाहेरची उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे निखाऱ्यावरून उतरवल्यावरही आतलं तापमान काही अंशांनी चढतं. छातीचा भाग आधीच कोरडा पडायला टेकलेला असतो, म्हणून 'अजून दहा मिनिटं राहू द्या' हा सल्ला देणाऱ्याला छातीचाच तुकडा वाढावा.

झाकायचं का? मळ्यात वारं असेल तर केळीचं पान वरून सैल टाका. फॉइल घट्ट गुंडाळलीत तर आतल्या वाफेने कातडी ओली-लिबलिबीत होते, आणि मग तासभर निखारे फुंकले कशाला, असा प्रश्न पडतो. टिक्क्यासारख्या बोटभर तुकड्यांना ही पंधरा मिनिटं लावू नका. ते दोन-तीन मिनिटांत खाण्याजोगे होतात आणि पंधरा मिनिटांत गारढोण. बकऱ्याची अख्खी रान असेल तर मात्र वीस-पंचवीस मिनिटं लागतील. तेवढं भडंग जवळ हवं.

कृती तिसरी, म्हणजे कापणे. आधी मांड्या सांध्यातून सोडवा, मग छाती, तीही तंतूंना आडवी. ताटात थोडा रस येईलच. थांबल्याने गळती कमी होते, शून्य होत नाही.

आणि दाजींनी तुम्ही पाणी आणायला गेलात तेवढ्यात कोयत्याने तुकडे पाडलेच असतील, तर ताट तिरपं करू नका. साचलेल्या पिवळसर रसात लिंबू पिळा, मीठ आणि बारीक चिरलेला कांदा घाला आणि तुकड्यांवर परत ओता. फक्त हा रस भाजलेल्या कोंबडीखालचाच हवा. ज्या पातेल्यात कच्ची कोंबडी मसाल्यात मुरत होती, त्यातलं पाणी यात घालायचं नाही. दाजींनी कितीही आग्रह केला तरी.