सरासरी गृहस्थांचा संसार

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातली किरकोळ महागाई 0.25 टक्का होती, म्हणजे जवळपास नव्हतीच. त्याच महिन्यात ज्यांनी भाडेकरार वाढवून दिला, त्यांनी हा आकडा खोटा म्हणण्याआधी तो ज्यांच्या घरी मोजला गेला त्या सरासरी गृहस्थांना भेटावं. त्यांचा जन्म 2011-12 च्या खर्च पाहणीतला. लाखभर कुटुंबांना ‘कशावर किती खर्च करता’ असं विचारून त्यांच्या रुपयाची वाटणी ठरली: खाण्यापिण्यावर 46 पैसे, घरावर 10, शिक्षणावर साडेचार. पुढची बारा-तेरा वर्षं भाव दरमहा नवे आले, वाटणी मात्र तीच राहिली; यादीतला डीव्हीडी प्लेअरसुद्धा कुणी हलवला नाही. घराला दहाच पैसे, कारण ग्रामीण निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नव्हतं. शहरी निर्देशांकात ते 22 पैशांच्या आसपास होतं. दोन्ही मिसळले आणि गृहस्थ अर्धे गावात, अर्धे शहरात राहू लागले.

आता ठाण्यातलं एक भाडेकरू कुटुंब कल्पू. महिन्याचा खर्च 40 हजार: किराणा-भाजी 12, भाडं 14, शाळा-क्लास 8, बाकी 6. त्या ऑक्टोबरात खाद्यपदार्थ वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे 5 टक्क्यांनी स्वस्त होते, म्हणून किराण्यात 600 रुपये वाचले. पण भाडं 8 टक्के, फी 10 टक्के आणि बाकीचं 3 टक्के वाढलं असं धरलं, तर 1120, 800 आणि 180 रुपये जास्त गेले. निव्वळ वाढ 1500, म्हणजे पावणेचार टक्के. सरकारी आकड्याच्या पंधरापट, आणि कुणीही खोटं बोललेलं नाही. भाजी स्वस्त झाल्याचा आनंद ज्याच्या रुपयात भाजी मोठी त्यालाच. तो भाजी पिकवणारा असेल तर त्यालाही नाही.

यावर अर्थखात्याचे हितचिंतक म्हणतील की लोकांना टोमॅटो महागल्याचं आठवतं, स्वस्त झाल्याचं नाही. खरं आहे; शिवाय महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असंही नसतं. पण वरच्या हिशेबात आठवण कुठेच नाही, नुसती बेरीज आहे. दुसरा आक्षेप असा की रिझर्व्ह बँकेला व्याजदर ठरवायला एकच आकडा लागतो. लागतोच, आणि त्या कामाला सरासरी योग्य आहे. मात्र ही सरासरी माणशी नाही, रुपयागणिक काढलेली असते. जो जास्त खर्च करतो त्याच्या सवयींना जास्त वजन. आणि ज्या गृहकर्जाचा हप्ता त्या व्याजदराने हलतो, तो हप्ता या यादीत नाहीच.

2026 मध्ये गृहस्थ बदलले. नवी मालिका 2023-24 च्या पाहणीवर उभी आहे आणि खाण्याचा वाटा 37 पैशांच्या आसपास आला. ठाणेकरांना ते थोडे जवळचे वाटतील, पण भाडं भरायला येणार नाहीत. तेव्हा पगारवाढ मागायला जाताना आपल्या खर्चाची वाटणी कागदावर लिहून न्या. गृहस्थांचा आकडा साहेबांना पाठ असतो.