भेंडीचं शेपूट

दादरला एकट्या राहणाऱ्या काकूंची बाजारहाट आता पवईतल्या मीटिंगमधून होते. त्यांचा मुलगा म्यूटवर बसून अ‍ॅपवर यादी पाठवतो: ‘भेंडी अर्धा किलो, बीपीच्या गोळ्या.’ अ‍ॅपवरचा निरोप्या तासाच्या भावाने घड्याळ लावून निघतो.

यादीत ‘भेंडी’ एवढंच असतं. शेपूट मोडून बघायचं, कट्‌कन तुटलं तरच भेंडी घ्यायची, नुसतं वाकलं तर जून, हे काकूंच्या बोटांत आहे आणि बोटं पाठवायची सोय अजून निघालेली नाही. शिवाय भाजीवाला काकूंना शेपटं मोडू देतो, निरोप्याला ओरडतो. भेंडी जून येते. मुलगा पाच तारे देतो, कारण ती घरी वेळेवर पोचली.

भेंडी जून निघाली तर फार तर टाकून देता येते. गोळ्यांची गोष्ट वेगळी. औषधवाला पट्टी कातरून दहाच गोळ्या देतो आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहते. नेहमीची कंपनी नसली की ‘तेच आहे’ म्हणून दुसरी पट्टी देतो. निरोप्याने बिचाऱ्याने ‘तेच’ कशाशी ताडून बघायचं? चिठ्ठीचा फोटो मुलाच्या फोनमध्ये, मुलगा मीटिंगमध्ये. मग नवी पट्टी जुन्या पट्टीशेजारी डब्यात पडते आणि नावं वेगळी म्हणून काकू इमानाने दोन्ही घेतात, एकच औषध दोनदा. चक्कर आली की मुलगा तत्परतेने आणखी एक काम नोंदवतो: ‘आईला डॉक्टरकडे नेणे, दोन तास.’