पिशवी, पावती आणि फ्रान्स

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत लॉच्या विद्यार्थ्यांसाठी शंभर गुणांचा एक पेपर आहे, ज्याला गाइड मिळत नाही. तीस गुण मूट कोर्टाचे, म्हणजे खोट्या कोर्टात खऱ्यासारखं भांडायचं. तीस गुण खऱ्या कोर्टात जाऊन एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघण्याचे. आणखी तीस वकिलाच्या ऑफिसात बसून, पक्षकाराशी कसं बोलतात, कागद कसे तयार होतात हे पाहून डायरी लिहिण्याचे. उरलेले दहा व्हायवाचे, आणि त्या दहांत आधीच्या नव्वदांबद्दल विचारतात. म्हणजे सकाळी ज्यांनी तुम्हाला आडवं केलं, त्यांनीच दुपारी जवळ बोलावून विचारायचं, की बाळा, नेमकं कुठे लागलं?

आमच्या नाशिकच्या कॉलेजात हे दोन्ही एकाच दिवशी ठेवले होते. सकाळी मूट, दुपारी व्हायवा. एप्रिल संपत आलेला, अंगात काळा कोट, आणि व्हायवाच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी फ्रान्स होऊन बसले होते.

फ्रान्सचा खुलासा करायला हवा. आमच्या सरांना स्थानिक अभिमान आहे. एरवी मूटला शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या नाहीतर हुंड्याचा छळ असं काहीतरी देतात. यंदा सरांनी थेट हेगचा लवाद दिला. आपण नाशिकचे, आपल्याच गावच्या खटल्यातला आरोपी, आणि त्याच्यासाठी 1911 साली फ्रान्स आणि ब्रिटन आंतरराष्ट्रीय लवादासमोर उभे राहतात. मग मुलांनी फांद्यांवर का भांडावं, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर 1909 मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. पुढे नाशिक कटाचा खटला उभा राहिला (तो चालला मात्र मुंबईत; नाशिककरांना तारखेसाठी गाव सोडायची सवय तेव्हापासूनची असावी). त्यातले आरोपी सावरकर; त्यांना लंडनमध्ये पकडून ‘मोरिया’ बोटीने इकडे आणत होते. 8 जुलै 1910 ला सकाळी मार्सेय बंदरात ते बोटीच्या खिडकीतून निसटले, पोहत धक्क्यावर आले आणि पळाले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका हवालदाराने त्यांना धरलं आणि बोटीवर नेऊन ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. फ्रान्स म्हणालं, आमच्या भूमीवरून नेलात, परत द्या. ब्रिटन म्हणालं, नाही.

मला फ्रान्स मिळालं तेव्हा आनंद झाला होता. ही केस हरायची कशी, तेच कळत नव्हतं.

सकाळी ते कळलं. लवादात पाच जण होते म्हणून आमच्याकडेही पाच जण बसणार होते, पण तिघांना जिल्हा न्यायालयात कामं निघाली. उरले एक वकीलसाहेब आणि आमच्या एक मॅडम. मी उभी राहिले आणि म्हणाले, “माय लॉर्ड.” साहेब म्हणाले, “लवाद आहे. इथे लॉर्ड कोणी नाही. मिस्टर प्रेसिडेंट म्हणा.” त्यानंतर मी त्यांना मिस्टर लॉर्ड, आणि मॅडमना माय प्रेसिडेंट म्हणत राहिले.

हे चाललं असतं. शब्द अडखळला म्हणून कोणी राउंड हरत नाही. मी समुद्राकडे गेले तिथे घात झाला. लहानपणापासून ऐकलेली ती उडी मी सगळ्या लाटांसकट सांगितली. साहेबांनी प्रॉब्लेमचा कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “लाटा कितव्या परिच्छेदात आहेत?” मूटचा नियम साधा आहे. प्रॉब्लेममध्ये जेवढी हकीकत दिली तेवढीच खरी; बाहेरचं आणलं की न्यायाधीश मान वर करतात. मान वर झाली की समजावं, पुरावा संपून कीर्तन सुरू झालंय.

मी पुढच्या मुद्द्यावर उडी घेतली. फ्रेंच भूमीला पाय लागला की आश्रय मिळाला, ब्रिटनने आमच्या सार्वभौमत्वाचा भंग केला, वगैरे. मग साहेबांनी अगदी प्रेमाने विचारलं, “त्यांना पकडलं कोणी?”

“फ्रेंच पोलिसाने, मिस्टर लॉर्ड.”

“ब्रिटिशांच्या हातात दिलं कोणी?”

“त्यानेच.”

“तो पोलीस कोणाचा?”

“आमचा.”

“मग तुमच्या सार्वभौमत्वाचा भंग कोणी केला?”

या प्रश्नानंतर माझी घड्याळात बरीच मिनिटं शिल्लक होती, आणि मला त्यांचा काही उपयोग नव्हता. ब्रिटनच्या बाजूने उभ्या असलेल्या रोल नंबर 17 ने मान खाली घातली. हसू लपवायला, असं माझं मत आहे. मी “मच ऑब्लाइज्ड” म्हणून खाली बसले. प्रेयर वाचलीच नाही. आम्हाला काय हवंय, हेच फ्रान्सने सांगितलं नाही.

तर बाकावर. शेजारी 17 डायरी पूर्ण करत होता. दाराशी खुर्ची टाकून आमचे शिपाई काका. परीक्षेच्या दिवशी मोबाइल आणि पिशव्या त्यांच्याकडे ठेवायच्या, चिठ्ठी घ्यायची, निघताना चिठ्ठी देऊन परत घ्यायच्या.

“ताई, चेहरा का असा?” काकांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सकाळी लवादाने जितकं ऐकलं नव्हतं तितकं काकांनी ऐकलं. मग म्हणाले, “आपल्याकडं झालंय की हे. मागच्या परीक्षेला एका पोराची पिशवी त्याच्या मित्रानं माझ्याकडं आणून ठेवली. नंतर माझ्या जागी बदली माणूस होता. तो पोरगा आला, माझी पिशवी म्हणाला, यानं चिठ्ठी न बघता दिली. मित्र आला बोंबलत. चिठ्ठी माझ्याकडं, पिशवी मला परत आणा. प्रिन्सिपलसाहेबांनी बदलीवाल्याला झापला. पण पिशवी काही परत मागवली नाही. चुकला आपला माणूस. पोरानं ना चोरली, ना फसवून नेली. त्याच्याकडं कुठल्या तोंडानं मागायची?”

मी काकांकडे पाहत राहिले. 24 फेब्रुवारी 1911 चा निवाडा मी पाठ केला होता, पण तो मला त्या क्षणी समजला. लवादापुढे प्रश्न एवढाच होता की सावरकरांना फ्रान्सच्या हवाली परत करायचं की नाही. भूमी पवित्र आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं. लवादाने मान्य केलं की त्या अटकेत आणि ताबा देण्यात गैर झालं असेल. पण ब्रिटनने जबरदस्ती केली नाही, फसवणूक केली नाही. आणि परक्या अंमलदाराच्या चुकीमुळे कैदी हातात आला, तर तो परत केलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही. झापायचं, पण पिशवी मागायची नाही.

मला त्याहून टोचली ती दुसरी गोष्ट. लंडनच्या पोलिसांनी 29 जूनलाच पॅरिसला पत्र पाठवून कळवलं होतं, की हा कैदी या बोटीने मार्सेयवरून जाणार आहे. फ्रेंचांकडून बंदोबस्ताला मदत ठरली होती. म्हणून हवालदाराने माणूस आणून दिला तेव्हा बोटीवरच्यांना संशय यायचं कारण नव्हतं. पॅरिसच्या उत्तरावर तारीख 9 जुलैची, म्हणजे आदल्या दिवशी सगळं उरकलेलं. सरकारी पत्रव्यवहारावरची माझी श्रद्धा इथे दृढ झाली. हे पत्र माझ्या प्रॉब्लेममध्ये होतं, लाटांच्या शोधात मी ते ओलांडून गेले होते. फ्रान्सला वाव होता तो इथेच: आरोपी परदेशाच्या हवाली करण्याचा अधिकार सरकारचा, हवालदाराचा नव्हे, बंदोबस्ताला हो म्हणणं म्हणजे हस्तांतराला हो म्हणणं नव्हे. सार्वभौमत्वाच्या ढोलाऐवजी हवालदाराच्या अधिकाराची बारीक सुई हवी होती.

“पण काका,” मी म्हणाले, “पिशवीला कुठे राहायचं ते ठरवता येत नाही. माणूस पळाला तो राहायलाच ना?”

काकांनी विचार केला. “हे सकाळी बोलायचं होतं.”

तेवढ्यात रोल नंबर 16 बाहेर आली. चेहरा पांढरा. “डायरी बघतायत,” ती कुजबुजली. “दिवाणी दावा 14 एप्रिलला पाहिला असं मी लिहिलंय. मॅडम म्हणाल्या, आंबेडकर जयंतीला कोर्ट कोणी उघडलं?”

बाकावर शांतता पसरली, आणि मग एकाच वेळी सगळ्यांनी डायऱ्या उघडल्या. सगळ्यांचा दिवाणी दावा 14 एप्रिलचा होता, कारण सगळ्यांची डायरी एकाच सीनियरच्या डायरीवरून उतरली होती. दावा आम्ही खरंच पाहिला होता, पक्षकार आला, वकील आले, पुढची तारीख पडली. फक्त आमची तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती. 17 म्हणाला, “आता काय?” ब्रिटनने फ्रान्सकडे सल्ला मागण्याची ती पहिलीच वेळ. माझ्याकडे पेन होतं. काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

17 आत जाऊन लगेच आला. ब्रिटनला कोण काय विचारणार! मग माझा नंबर पुकारला.

“या फ्रान्स, बसा,” साहेब म्हणाले. “सकाळचा प्रश्न राहिला होता.”

मी काकांची पिशवी जशीच्या तशी सांगितली, चिठ्ठीसकट. हवालदाराला अधिकार नव्हता, हे सांगितलं. 29 जूनचं पत्र माझ्याविरुद्ध जातं आणि ते फक्त बंदोबस्ताचं होतं असं मी का म्हणेन, तेही सांगितलं. शेवटी पिशवीला मत नसतं, माणसाला असतं, हे टाकलं आणि जरा मागे टेकून बसले.

साहेबांनी चष्मा काढला. “1911 च्या आंतरराष्ट्रीय कायद्यात माणसालाही नव्हतं. आश्रय देणं हा देशाचा हक्क, मागणाऱ्याचा नाही. दोन सरकारं भांडत होती, सावरकर त्या खटल्यात पक्षकारच नव्हते. तुमच्या काकांची पिशवीच ती.” मग थांबून म्हणाले, “पण हा मुद्दा सकाळी आला असता तर मला उत्तर द्यायला वेळ लागला असता. हे शोधलं कुठे?”

“बाहेर, सर.”

मॅडम इतका वेळ माझी डायरी चाळत होत्या. एका पानावर थांबल्या.

“दिवाणी दावा, 15 एप्रिल,” त्या म्हणाल्या. “वा. तारीख बरोबर आहे.” मग अंगठा उलटा करून पाहिला. “शाई ओली आहे.”