बघू की, पुढच्या क्वार्टरला

"पुढच्या क्वार्टरला पाठवा की." सातारा-सांगली पट्ट्यात हे वाक्य इतक्या गोडीनं म्हटलं जातं, की आपल्याला नकार मिळालाय हे तासवड्याचा टोलनाका ओलांडेपर्यंत कळत नाही. वर चहा झालेला असतो, आपल्या गावची चौकशी झालेली असते आणि दोघांचा एक लांबचा पाहुणाही निघालेला असतो.

मी साखर कारखान्यांना पंपांचे मेकॅनिकल सील विकतो. या धंद्यात माणसाला गर्व कशाचा असणार? पण मला आहे. कोटेशनला जोडलेल्या माझ्या पत्राचा. इतरांच्या पत्रात 'लिकेज' असतं, माझ्या पत्रात 'रसाचा अविरत ऱ्हास' असतो. चीफ इंजिनिअरनं ते घरी नेऊन बायकोला वाचून दाखवावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. त्यामुळे कुणी "पुढच्या क्वार्टरला" म्हणालं, की माझी पहिली समजूत अशी, की माझं गद्य एका तिमाहीत पेलवलेलं नाही.

3 फेब्रुवारी 2025 ला सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्यात चीफ इंजिनिअर साहेब तेच म्हणाले. गाळप जोरात चालू होतं, टेबल थरथरत होतं आणि चहाच्या कपातही बारीक लाटा उठत होत्या.

मी विचारलं, "साहेब, एप्रिलमध्ये असं काय असेल, जे आज नाही?"

बाकी सगळी विक्रीकला विसरलात तरी चालेल, पण हा प्रश्न विसरू नका. पुढच्या तिमाहीत काहीतरी बदलणार असेल, तर त्या बदलाला तारीख असते, आणि आपली तारीख त्याच्या मागं लावता येते. काहीच बदलणार नसेल, तर तो नकारच. फक्त त्याला बुशकोट घातलेला असतो.

साहेब म्हणाले, "पट्टा पडल्याशिवाय पंप उघडता येतोय होय?"

शंभर टक्के खरं. पंपाच्या शाफ्टभोवतून रस बाहेर येऊ नये म्हणून ग्लँडमध्ये दोरी भरतात. ती थोडी ठिबकायलाच हवी, नाहीतर तापून जळते. ठिबक वाढली की फिटर नट आवळतो. मग आवळलेल्या दोरीत रसातली माती आणि बगॅसचा भुगा अडकतो, आणि तो शाफ्टवरच्या स्लीव्हला घासत बसतो. स्लीव्हला एकदा चर पडला, की कितीही आवळा, रस वाहणारच. पण तो चर पंप उघडल्याशिवाय दिसत नाही. स्लीव्हवरून नख फिरवायचं. नख अडकलं, की माझ्या पत्राची गरज उरत नाही. हे मला जरा लागतं, पण आहे खरं.

म्हणून मी शेतकी विभागाचा आकडा विचारला. शिल्लक ऊस साधारण 1 लाख 80 हजार टन, रोजचं गाळप 5,000. म्हणजे 36 दिवस. 11 मार्चच्या आसपास पट्टा पडणार. पुढं टाक्यांमधला माल संपवायचा, साफसफाई, हंगामी कामगारांची पांगापांग, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मार्चअखेर. पंप टेबलावर येणार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मी छातीठोकपणे म्हणालो, "8 एप्रिल, मंगळवार."

"आठला? शिंगणापूरची यात्रा हाय ओ."

इथं मला कालनिर्णयाबद्दल बोलू द्या. 1973 पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेवर लोक दुधाचा हिशेब लिहितात, चतुर्थी बघतात, मागचं भविष्य वाचून नाराज होतात. पण विक्रेत्याचं शास्त्र म्हणून तिच्याकडं कुणी पाहिलेलं नाही. तो मान माझा. माझ्या भिंतीवर दोन कालनिर्णय आहेत, एक बायकोचं आणि एक धंद्याचं. धंद्याच्या कालनिर्णयात रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं, त्या दिवशी वाई भागात फोन करणं हा उद्धटपणा. नागपंचमीला बत्तीस शिराळा बंद. दसऱ्याच्या रात्री कवठे एकंदला आतषबाजी, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या भागातला माणूस भेटला तरी त्याला ऐकू येईल याची खात्री नाही. चैत्रात शिखर शिंगणापूर, लगेच चैत्री पौर्णिमेला जोतिबा. मोठमोठ्या कंपन्यांचे पुण्या-मुंबईचे पोरगे लॅपटॉपमध्ये 'एक एप्रिल, फॉलोअप' असं टाकून ठेवतात, तेव्हा मला त्यांची दया येते. बायको म्हणते, यात्रा इतक्या पाठ आहेत, तर एखाद्या यात्रेला मला नेलं असतंस. असो.

तर आठ बाद. 12 ला पौर्णिमा, 14 ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. "मग 15, मंगळवार, सकाळी अकरा? का गुरुवार 17?" दोनच पर्याय द्यायचे. 'कधी येऊ?' विचारलं, की 'या की कधीबी' हे उत्तर ठरलेलं. साहेब 15 म्हणाले. मी तिथंच त्यांच्या देखत मोबाईलवर संदेश पाठवला:

'साहेब, 15 एप्रिल, मंगळवार, सकाळी 11. दोन्ही रस-पंपांचे स्लीव्ह बाहेर काढलेले असतील. झीज मोजायला मायक्रोमीटर मी आणतो. कोटेशन माप घेतल्यावर देतो.'

कोटेशन मुद्दामच ठेवून घेतलं. फेब्रुवारीत दिलेल्या कोटेशनची 60 दिवसांची मुदत एप्रिल उजाडताच संपते, आणि मुदत संपलेल्या कागदावर खरेदी समिती बसत नाही. शिवाय माझ्या पत्राची वाट बघायला लावण्यात एक सुख होतं. वाट कुणी बघत नव्हतं, हा भाग वेगळा.

उठताना मी सहज विचारलं, "समितीपुढं विषय तुम्हीच मांडणार ना?"

साहेब थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "मे-अखेर आपली सुट्टी. कायमची."

तेव्हा त्यांची तिमाही मला कळली. चूक-बरोबर काहीही असो, शेवटच्या महिन्यांत आपल्या सहीनं नवी खरेदी त्यांना नको होती. उद्या ऑडिटवाल्यांनी एक शंका काढली, की ग्रॅच्युइटीची फाईल तिथंच थांबणार, आणि निवृत्त माणसाचा फोन कुणी उचलत नाही, हे त्यांनी आपल्या आधीच्या साहेबांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. आयुष्यभर मशिनरी चालू ठेवलेल्या माणसानं एका सहीला भ्यावं, याची मला त्या दिवशी चीड आली. त्यांची नव्हे.

विकायचं असेल, तर आता खुर्चीत पुढं कोण येणार, त्यालाच 15 तारखेला बसवायला हवं होतं. मी तसं सांगितलं, आणि त्यांची सही कुठंच लागणार नाही हेही सांगितलं. त्यांचा चेहरा सैल झाला.

15 एप्रिलला डेप्युटी इंजिनिअर पोरगा हजर होता. साहेबांनी स्वतः त्याचं नख स्लीव्हवरून फिरवलं. अडकलं. सील यायला सहा आठवडे, बसवणं ऑगस्टच्या आत, म्हणजे ऑर्डर जूनमध्ये हवी, म्हणजे विषय मेच्या समितीत, असा उलटा हिशेब पोरानं माझ्याआधी केला आणि समितीची तारीख, 23 मे, न विचारता दिली. माझं पत्र त्यानं पाकिटातच राहू दिलं आणि म्हणाला, "फक्त मापांचा तक्ता द्या."

मी बॅग आवरत होतो, तेवढ्यात साहेब म्हणाले, "31 मे, शनिवार, संध्याकाळी पाच. आमचा निरोप समारंभ हाय."

"बघू की साहेब," मी म्हणालो, "जमवतो."

"बघू की न्हाई. आत्ता सांगा. आचाऱ्याला ताटांचा आकडा द्यायचाय."