नानांची साठी

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक नाना असतात. आमचे नाना दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी त्यांचा कोड अजून नोकरीत आहे. नाना कॉमेंट लिहायचे ते तारेच्या हिशोबाने, शब्दामागे पैसे पडत असल्यासारखे. कोणी अर्थ विचारला तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "कोड समोर आहे ना? मग वाच की." हस्तांतराच्या कागदावर 'विशेष सूचना' या रकान्यात त्यांनी 'नाहीत' असं लिहून सही ठोकली होती.

एका पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या एक्सेलमधून आमच्या प्रणालीत येतात. ते काम आता चिन्मयकडे आहे. मुलगा हुशार, पण स्वच्छतेची भारी आवड. त्याला तिथे हे सापडलं:

```
// 60 nantar ek divas khota. Lotus chi krupa.
// HAAT LAVU NAYE.
if (n > 60) n--;
return new DateTime(1899, 12, 31).AddDays(n);
```

जेवणाच्या सुट्टीत या दोन ओळींवर परिसंवाद झाला. साठीनंतर प्रत्येक दिवस खोटा, म्हणजे नाना निवृत्तीच्या तोंडावर विरक्त झाले होते, असं एकीचं मत. टेस्टिंगच्या जोशींनी कमळ आणि हात एकाच कॉमेंटमध्ये पाहून विषय राजकारणावर नेला आणि मग डबे संपेपर्यंत तो तिथेच राहिला. चिन्मयने मात्र गंभीरपणे निष्कर्ष काढला की साठ म्हणजे ज्येष्ठ नागरिकाचं वय, आणि त्याचा जन्मतारखेच्या फंक्शनमध्ये काय संबंध? त्याने ओळ उडवली. प्रोग्राम चालला, एकही एरर आली नाही. अशा वेळी खरं तर जास्त घाबरायचं असतं.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन. "अहो, आमच्या अर्ध्या सभासदांचा वाढदिवस दोन जूनला कसा?"

ही तक्रार महाराष्ट्राबाहेर कोणाला कळली नसती. आपल्याकडे एका पिढीचा जन्म एक जूनला झाला आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणाला ठाऊक नसायची, मग गुरुजीच एक जून घालून मोकळे व्हायचे. दोन जूनला मात्र एवढी माणसं एकदम जन्माला येणं शक्य नाही. त्यात एक आजोबा नेमके साठ पूर्ण झाल्या दिवशी, जादा अर्धा टक्का व्याजाची ठेव ठेवायला आले होते. मशीन म्हणे, एकोणसाठ. उद्या या.

शेवटी मीच नानांना फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग नाना.

"नाना, ते साठ म्हणजे काय?"

"एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे."

"पण नाना, 1900 लीप वर्ष नव्हतं."

"तेच तर लिहिलंय!"

पुढचं त्यांच्याकडून चिमट्याने काढावं लागलं. एक्सेलला तारीख ही फक्त एक संख्या असते. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, आणि तिथून रोज एक वाढत जातो. शतकाचं वर्ष 400 ने भागलं गेलं तरच लीप, म्हणून 1900 च्या फेब्रुवारीत 28 च दिवस. पण 1983 साली आलेल्या 'लोटस 1-2-3' या हिशोबाच्या प्रोग्रामने 1900 ला लीप वर्ष धरलं. लोकांच्या लोटसमधल्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक समजूनउमजून दत्तक घेतली. त्यामुळे 60 वर कधीच न उजाडलेला दिवस बसला आहे आणि त्यापुढची प्रत्येक संख्या एकाने जास्त आहे. आजोबांची 1 जून 1965 ही तारीख एक्सेलमध्ये 23894 असते. नानांची ओळ त्यातला खोटा दिवस वजा करून 23893 दिवस मोजायची. ओळ गेली, आणि आजोबा एका दिवसाने लहान झाले.

"मग नाना, एवढं लिहून ठेवायचं होतं ना!"

"लिहिलं होतं. साठ, खोटा दिवस, लोटस. राहिलं काय त्यात?"

चिन्मयने ओळ परत घातली. वर आठ ओळींचा सविस्तर खुलासा लिहिला, 59, 61 आणि 23894 यांच्या चाचण्या जोडल्या, आणि मोठ्या उत्साहाने सगळं नानांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ काही नाही. मग उत्तर आलं: "1904?"

चिन्मय पुन्हा शोधाशोधीला बसला. संध्याकाळी कळलं की मॅकवरच्या जुन्या एक्सेल फायलींची मोजणी 1904 पासून सुरू होते आणि तशी एखादी फाइल आली तर सभासद चार वर्षं आणि एका दिवसाने म्हातारे होतील. त्याने नानांना विचारलं, "मग तुमच्या कोडमध्ये ते का नाही?"

"पतसंस्थेत मॅक कोणाकडे असतो?" नानांनी लिहिलं, आणि ते ऑफलाइन गेले.