विमानावर नजर ठेवणाऱ्यांस व ठेवविणाऱ्यांस काही सूचना

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे असूनही तेथे रेल्वे येत नाही. खामगावास १८७० सालीच जलंबहून फाटा आला, शेगाव, नांदुरा व मलकापूर ही गावे मुंबई-हावडा मार्गावर केव्हाचीच स्थानापन्न झाली, आणि खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी तर आमच्याकडे शेतजमिनीप्रमाणे आजोबांकडून नातवाकडे वारसाहक्काने चालत येते. अशा या रेल्वेवंचित गावात अलीकडे विजेच्या खांबांवर, रसवंतीच्या पत्र्यांवर आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवरसुद्धा 'विमानतळ टॅक्सी सेवा' या मथळ्याची जाहिरात झळकू लागली आहे. तिच्यात तीन वचने असतात : गाडी वेळेवर येईल, भाडे ठरल्याहून पैही अधिक पडणार नाही, आणि विमान कितीही लेट झाले तरी आमची त्यावर नजर आहे. ही वचने देणारे एक सद्गृहस्थ चिखली नाक्यावर दोन गाड्या बाळगून आहेत. त्यांच्याविषयी आमच्या मनात जो स्नेह आहे आणि जी तक्रार आहे, ती दोन्ही एकाच दस्तऐवजात नमूद व्हावीत, या हेतूने पुढील कलमे मुक्रर केली आहेत.

कलम पहिले : वेळेवर येणे. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ चिखली, देऊळगावराजा, जालना या वाटेने सुमारे दीडशे किलोमीटर पडतो. तो शहराच्या अलीकडे, जालना रस्त्यावरच असल्यामुळे शहरात शिरावे लागत नाही, ही या प्रवासातील एकमेव ईश्वरी कृपा होय. वाटेला साडेतीन तास धरावेत. देऊळगावराजास बालाजीची आश्विनातील यात्रा असेल, तर आणखी अर्धा तास देवाच्या नावे लिहावा. विमान सकाळी आठचे असेल तर सामान घेणारी खिडकी साधारण सात वाजता मिटते. सबब साडेसहाला तेथे पोचणे इष्ट, आणि म्हणून रात्री तीन वाजता बुलढाणे सोडणे प्राप्त. येथवर गणित निर्दोष आहे. परंतु उतारूस ठाऊक असते की गाडीवाला उशिरा येणार, म्हणून तो अडीचची वेळ सांगतो. गाडीवाल्यास ठाऊक असते की उतारूच्या घरी दही-साखर, नमस्कार आणि फाटकापाशी पुन्हा एकदा नमस्कार यांत अर्धा तास मोडतो, म्हणून तो सव्वातीनला निघण्याचा संकल्प करतो. परस्परांच्या अविश्वासावर उभारलेला हा समतोल बहुधा टिकतो.

आमचे मजकूर सद्गृहस्थ फोनवर 'निघालोच ना काका, पोहचूनच राह्यलो' असे म्हणतात तेव्हा पार्श्वभूमीस बादलीत पाणी पडल्याचा ध्वनी येत असल्यास ते निघालेले नाहीत, असे समजावे. त्यांच्या शब्दांवर विसंबण्यापेक्षा मोबाइलवर त्यांचे चालते ठिकाण मागून घ्यावे, आणि डिझेल व फास्टॅगची शिल्लक यांची चौकशी आदल्या संध्याकाळीच करावी.

कलम दुसरे : विमानावर नजर. हे कलम विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या वचनाचा अर्थ ते देणाऱ्यास क्वचितच कळलेला असतो. उडणारे विमान आपले स्थान, उंची व वेग रेडिओलहरींनी सतत प्रसृत करीत असते, जमिनीवरील यंत्रे ते टिपतात, आणि आपण मोबाइलच्या नकाशावर ते पिवळे पाखरू सरकताना पाहतो. दृश्य मोठे मनोहर असते, आमचे सद्गृहस्थ ते चहाच्या टपरीवर दहा जणांस दाखवितात. पण मुंबईहून संभाजीनगरचे उड्डाण तासाभराचे आणि बुलढाण्याहून संभाजीनगरची सडक साडेतीन तासांची! पाखरू नकाशावर उगवल्यानंतर जो बुलढाण्याहून निघेल, त्याचा उतारू विमानतळाच्या पायरीवर सामानाच्या पेटीवर बसून अडीच तास त्याच्या कुळाचा उद्धार करीत राहील.

म्हणून जाणत्याने आपल्या विमानावर नजर न ठेवता त्या विमानाच्या भूतकाळावर ठेवावी. जे यंत्र रात्री मुंबईहून संभाजीनगरास यावयाचे, ते संध्याकाळी बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी शहराहून मुंबईस येत असते. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानास VT- या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणीक्रमांक असतो, आणि कोणत्या उड्डाणास कोणते यंत्र लावले आहे, ते नकाशावर बहुतेकदा दिसते. त्या क्रमांकावर बोट ठेवले की त्याची दिवसभराची कैफियत उलगडते.

उदाहरण घेऊ. १४ तारखेस रात्री ८.२० ला मुंबईहून निघून ९.३० ला चिकलठाण्यास उतरावयाचे विमान आहे. गाडीने सहा वाजता बुलढाणे सोडले पाहिजे. सहा वाजता विमान कंपनीची पाटी 'वेळेवर' असेच म्हणते. पाट्यांचा स्वभावच आशावादी. पण तेच यंत्र सहा वाजता दिल्लीच्या जमिनीवर उभे असल्याचे दिसले, तर हिशेब सोपा आहे : दिल्लीहून मुंबईस सव्वादोन तास, म्हणजे उत्तम पक्षी सव्वाआठ, तेथे माणसे उतरणे, झाडलोट, इंधन व नवी माणसे चढणे यांस आणखी अर्धा-पाऊण तास. नऊच्या आत ते मुंबई सोडणे कठीण. कोणी न सांगता चालकास सुमारे चाळीस मिनिटांचा उशीर कळला. एवढीच सावधगिरी बाळगावी की कंपनी ऐनवेळी दुसरे यंत्रही लावू शकते. सबब वाचलेला सर्वच वेळ घरी घालवू नये, अर्ध्या तासाने तरी निघावे आणि जालन्यास थांबावे.

जालना हा या विद्येचा मर्मबिंदू होय. तेथून विमानतळ साधारण तासाभराच्या वाटेवर, आणि मुंबईहूनही विमान तासाभराच्याच वाटेवर. विमानाने मुंबईची धावपट्टी सोडली की चालकाने चहाचा पेला खाली ठेवावा. दोघे मागेपुढे पोचतात, उतारूचे सामान पट्ट्यावर येईतो गाडी दारात लागते, आणि पार्किंगचे पैसेही फारसे चढत नाहीत. ही युक्ती आम्ही आमच्या सद्गृहस्थांकडूनच शिकलो, हे प्रांजळपणे नमूद करतो. जाहिरातीत मात्र त्यांनी यातले अक्षर छापलेले नाही, तेथे त्यांनी उडत्या विमानाचे चित्र छापले आहे.

कलम तिसरे : ठराविक भाडे. वरील विमान प्रत्यक्षात १०.५० ला मुंबईहून सुटले आणि ११.५५ ला उतरले असे समजा. उतारू पेटी घेऊन बाहेर आला तेव्हा १२ वाजून २० मिनिटे झाली होती, म्हणजे १५ तारीख लागली होती. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर आकारण्याचा आपल्याकडे दस्तूर आहे, आणि हा दिवस पुष्कळ ठिकाणी मध्यरात्री बदलतो. जाऊन-येऊन दीडशे दुणे तीनशे, हा हिशेब एका दिवसात चोख बसतो. मात्र घड्याळाने बारा ओलांडले की दुसरा दिवस, दुसरे तीनशे. हिशेबापुरता किलोमीटरला १४ रुपये दर धरला, तर ४,२०० रुपयांचे भाडे कोणाच्याही हातून गैरवर्तन न घडता ८,४०० होते. त्यावर रात्रीचा चालकभत्ता, टोल, पार्किंग आणि थांबण्याचे तासाप्रमाणे पैसे ही उपकलमे निराळी. जाहिरातीत 'ठराविक' या शब्दाच्या डोक्यावर जी बारीक चांदणी असते, तिच्या प्रकाशात ही सारी मंडळी सुखाने नांदत असतात.

सबब गाडी ठरविताना 'किती घेणार' असे न विचारता चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे मोबाइलवर लेखी घ्यावीत : टोल व पार्किंग आत की बाहेर, गाडी एका बाजूस रिकामी धावते तिचे पैसे यात धरले की नाही, विमान उशिरा आल्यास किती वेळ फुकट थांबणार, आणि तारीख बदलली तर काय. चौथ्या प्रश्नावर जो गाडीवाला न अडखळता उत्तर देतो, त्याने हा धंदा रात्री केलेला आहे असे समजावे. आमच्या सद्गृहस्थांनी एकदा या प्रश्नावर बराच वेळ आकाशाकडे पाहिले आणि मग म्हणाले, 'काका, तुमच्याजवळून दोन दिवसांचे घेईन का मी?' घेतले नाहीत. पण लिहूनही दिले नाहीत.

कलम चौथे : तारखेचा घोळ. रात्री १२.४० ला उतरणारे विमान १५ तारखेचे असते, 'चौदाच्या रात्री' असे सांगितल्यास गाडी चोवीस तास आधी हजर होते. तारीख व वार दोन्ही लिहावेत, आणि वर 'म्हणजे चौदाचे जेवण झाल्यावर' असेही लिहावे.

कलम पाचवे : मुंबईस जावयाचे असल्यास टर्मिनल विचारावे. आंतरराष्ट्रीय उतारू विमान टेकल्यावर सहसा तासा-दीड तासाशिवाय बाहेर येत नाही. नकाशावर 'उतरले' दिसताच फोनवर फोन करणाऱ्या चालकास पासपोर्टवरचे शिक्के व सामानाचा पट्टा यांची कल्पना द्यावी.

कलम सहावे : पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नये. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील ती भाड्याची गाडी. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिल्यांदा पाटीचाच रंग पाहते.

कलम सातवे, आणि येथे विनोद बाजूस ठेवतो. ज्या चालकाने संध्याकाळी सहाला गाडी काढली, विमान लांबले म्हणून जालन्यास ताटकळला आणि साडेबारास तुम्हांला घेतले, त्याला पहाटे चारपर्यंत स्टिअरिंगवर जागे राहावयाचे असते. दोन ते पाच ही झोपेची वेळ कोणालाच चुकलेली नाही. नागपूर किंवा मुंबईहून समृद्धी महामार्गाने यावयाचे असेल तर संकट अधिक, कारण सरळ, रिकाम्या, एकसुरी सडकेवर डोळे उघडे असूनही मन निजते, आणि त्या मार्गावर वाटेल तेथे गाडी थांबविण्यास मनाई आहे. नेमल्या जागीच थांबावे लागते. चालक गप्प झाला, गाडी पट्ट्यावरून किंचित सरकू लागली, त्याने काच खाली केली किंवा गाणे मोठे केले, तर ते शौक नव्हेत, लक्षणे आहेत. पुढच्या थांब्यावर गाडी लावून त्याला वीस मिनिटे निजू द्यावे. घरी अर्धा तास उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही. विमान चार तासांहून अधिक लांबले तर संभाजीनगरात खोली घ्यावी आणि सकाळी निघावे. खोलीचे पैसे कोणी द्यावयाचे, यावरून भांडावयाचे असल्यास सकाळी भांडावे.

आमच्या सद्गृहस्थांचे एवढे मात्र मान्य करावे लागेल की ते निघण्यात उशीर करतात, परतीत घाई करीत नाहीत. देऊळगावराजाच्या अलीकडे गाडी बाजूस लावून ते 'काका, दहा मिनिटं पडतो' म्हणाले, तेव्हा आम्हीही मागच्या आसनावर पडलो, आणि दोघांस जागे करण्याचे काम एका दूधवाल्याने केले.

उतारूंस शेवटची विनंती : विमान उतरून परवानगी मिळताच मोबाइल सुरू करावा आणि चालकास आपण होऊन एक फोन करावा. नकाशास फक्त विमान दिसते. तुम्ही पेटीसाठी थांबला आहात की स्वच्छतागृहात गेला आहात, हे चालकास तुमच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.