या आठवड्यात केळं

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर मंगळवारी एक फळ येतं. जावई पाठवतात. लेकीच्या मोबाइलमध्ये गरोदरपणाचं अॅप आहे, त्याचा आठवडा मंगळवारी पालटतो, आणि पालटला की एक गुबगुबीत फळ आणि खाली ओळ, ‘आज तुमचं बाळ एवढं झालं!’ मग नाशिकच्या वन्सं हात जोडतात, जाऊबाई बदाम पाठवतात, आणि आमचे हे पिशवी घेऊन मंडईत जातात. एकदा किवी आणलं. महाग म्हणून एकच. ते धुऊन ताटलीत ठेवलं खरं, पण बाळाएवढ्या फळाला सुरी लावायची कुणी? शेवटी ते फ्रीजमध्येच सुरकुतलं.

सुरुवातीचे आठवडे बरे जातात. खसखस, तीळ, मसूर, राजमा, मग द्राक्ष. चढता क्रम, तोही वाण्याच्या दुकानातला, त्यामुळे वाद नाही. प्रकरण भाजीबाजारात शिरतं आणि तिथे बिघडतं. एकोणिसाव्या आठवड्यात आंबा आला. विसाव्यात केळं. एकविसाव्यात गाजर. विहीणबाईंचा लगेच फोन, “आंब्याचं गाजर झालं, पोर वाळतंय की काय?”

त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. अॅप कधी लांबीने मोजतं, कधी आकाराने, आणि कुठल्या वेळी काय, ते सांगत नाही. चोविसाव्या आठवड्याला मक्याचं कणीस दाखवतात. त्या वेळी बाळ साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ६०० ग्रॅमच्या आसपास असतं. आमच्या कोपऱ्यावर भाजून मिळणारं कणीस त्याच्या निम्म्या वजनाचंही नसतं. लिंबू तर विचारूच नका. अॅपमधलं चौदाव्या आठवड्याचं लिंबू मुठीएवढं, पिवळंधमक, परदेशी. आपलं कागदी लिंबू त्याच्यापुढे पोरकं वाटतं. आणि शेवटच्या आठवड्यातलं कलिंगड? ते आमच्या बाजारात दोन किलोचंही मिळतं आणि आठ किलोचंही. त्यातलं कुठलं जन्माला येणार, हे आधी ठरवायला नको का?

खरी धमाल केळ्याने केली. एकोणिसाव्या आठवड्यात लांबी १५ सेंटिमीटर, विसाव्यात २५. नाशिकहून वन्संचा फोन, “अगं, काय खायला घालतेस काय तिला?” बाळ दहा सेंटिमीटर वाढलं नव्हतं, मोजपट्टी बदलली होती. पहिल्या महिन्यांत पाय पोटाशी दुमडलेले असतात, म्हणून डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच मोजतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘सीआरएल’ लिहिलेलं असतं ते हेच. विसाव्या आठवड्याच्या सुमारास बरीच अॅप्स डोक्यापासून टाचेपर्यंत मोजू लागतात आणि पाय एकदम हिशेबात येतात. दवाखान्यात तर चौथ्या महिन्यापासून लांबी धरतच नाहीत. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजतात, त्यावरून सूत्राने वजन काढतात. यातल्या कशाचंही फळ करता येत नाही, ही अॅपवाल्यांची अडचण मी समजू शकते.

पण घाबरवलं ते लिंबाने नव्हे, तारखेने. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली तेव्हा अॅपच्या हिशेबाने बारा आठवडे तीन दिवस झाले होते. रिपोर्टात सीआरएल ४६ मिलिमीटर, म्हणजे अकरा आठवडे दोन दिवस. बाळ आठ दिवस मागे! लेक रडवेली, जावई गूगलमध्ये, आमचे हे बाल्कनीत. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “पाळी किती दिवसांनी यायची?” लेक म्हणाली, “पस्तीस-छत्तीस.”

सगळा घोटाळा तिथे होता. अॅपला शेवटच्या पाळीची तारीख दिली की ते तिथून २८० दिवस मोजतं, आणि मनात धरतं की पाळी २८ दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवशी सुटलं. (म्हणूनच पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतानाही गरोदर असते. सरकारी हिशेबातसुद्धा इतकी आगाऊ हजेरी लागत नाही.) पाळी छत्तीस दिवसांची असेल तर बीज साधारण आठवडाभर उशिरा सुटतं. बाळ मागे नव्हतं, अॅप पुढे धावत होतं. पहिल्या तीन महिन्यांतल्या मापात पाच-सात दिवसांपलीकडे सहसा फरक पडत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीची तारीख पक्की केली आणि म्हणाल्या, “आता अॅपमध्ये पाळीची तारीख खोडा आणि ही प्रसूतीची तारीख टाका. पुढच्या सोनोग्राफीत काहीही आकडा आला तरी ही बदलायची नाही.” कारण नंतरच्या महिन्यांत एक बाळ अंगाने भरतं, एक सडपातळ राहतं. तेव्हाच्या मापावरून वाढ कळते, तारीख नाही. आमची फळं त्यामुळे एक आठवडा मागे आली आणि ह्यांना आवळे पुन्हा आणावे लागले.

मध्येच एका मंगळवारी अॅप म्हणालं, ‘मुलगा की मुलगी, आता कळू शकेल!’ हे अॅप बनवणाऱ्याला आपला १९९४चा कायदा ठाऊक नसावा. जावयांनी तो निरोप ग्रुपवर न टाकता गिळला, हे त्यांचं शहाणपण.

वजनाचंही तसंच. अॅपची सरासरी बहुधा परदेशातल्या बाळांची, पूर्ण दिवसांचं म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. आपल्याकडची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी पावणेतीन-तीन किलोंची असतात. बत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीने १७०० ग्रॅम सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी लगेच पुढे जोडलं की यात पंधरा टक्के इकडेतिकडे धरा, म्हणजे साधारण साडेचौदाशे ते साडेएकोणीसशे. त्या एका आकड्याकडे बघतच नव्हत्या. मागच्या आणि आताच्या मापाचे दोन ठिपके आलेखावर ठेवून बाळ आपल्याच रेषेने चाललंय का, एवढं बघत होत्या. मग पोटावर शिंप्याची टेप लावली. तीस सेंटिमीटर भरली. आठवड्यांच्या आकड्याशी दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळलं की चालतं म्हणे.

तेव्हापासून लेकीने अॅपला कामं वाटून दिली आहेत. तपासणीची तारीख, लोहाच्या गोळ्या, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, बीपीचे आकडे. फळं करमणुकीला.

तेहतिसाव्या आठवड्यात एका रात्री तिला हालचाल कमी वाटली. अॅप उघडलं तर ‘आता जागा कमी आहे, बाळ शांत होतंय’ असा मजकूर. तेवढ्यावर झोपायचं नसतं हे तिला दवाखान्यात बजावलेलं होतं. शेवटच्या महिन्यांत हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी होता कामा नये. नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच वेळी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही. गेलो. पोटाला पट्टे बांधले, ठोके कागदावर उमटू लागले, आणि थोड्या वेळाने नातवंडाने त्या पट्ट्यालाच सणसणीत लाथ घातली. रिपोर्ट चांगला आला. जावयांनी उत्साहात मोबाइल काढून लाथ नोंदवली, तर अॅपने विचारलं, ‘आमची सेवा कशी वाटली? पाच तारे द्या.’

सिस्टर म्हणाली, “तारे नंतर द्या, आधी ती खुर्ची मोकळी करा. दुसऱ्या ताईंना बसायचंय.”